पाच तारखेच्या आधीचा आठवडा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याने एका वित्त कंपनीकडून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं आहे. व्याज वर्षाला १४ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता १०,२५३ रुपये आणि तारीख दर महिन्याची पाच. चौदा हप्ते वेळेवर गेले आहेत आणि आता मुद्दल सुमारे १,९८,००० रुपये उरलं आहे. मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला कारखान्याच्या फलकावर सूचना लागते की या वेळी पगार सात तारखेला न होता वीस जूनला होईल. पगार लांबल्याने हप्त्यासाठी राखलेले पैसे घरखर्चाला लागणार आणि पाच तारखेला त्याच्या खात्यात ४,१०० रुपयेच उरणार. म्हणजे पाच जूनचा हप्ता चुकणार, हे त्याला आठ दिवस आधीच कळलेलं आहे.

या आठ दिवसांत काय करता येतं, हा या प्रकरणाचा विषय. बहुतेक माणसं हे दिवस काळजीत घालवतात. बँकेचा फोन आला तर काय सांगायचं याचा विचार करतात, पण स्वतःहून फोन करत नाहीत. आपण होऊन सांगितलं तर आपल्या नावावर शिक्का बसेल, अशी भीती असते. प्रत्यक्षात काही सवलती अशा आहेत की त्या हप्ता चुकण्याआधीच मिळू शकतात. चुकल्यावर तोच अधिकारी इच्छा असूनही त्या देऊ शकत नाही. असं का होतं, ते समजायला आधी हप्ता खात्यातून कसा जातो हे पाहावं लागेल.

कर्ज घेताना आपण एका फॉर्मवर किंवा मोबाइलवर ‘मॅन्डेट’ला संमती देतो. त्याच्या आधारे कर्ज देणारी संस्था दर महिन्याला आपल्या बँकेकडे पैशांची मागणी पाठवते. ही मागणी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘नॅच’ नावाच्या यंत्रणेतून जाते. हजारो कर्जदारांच्या मागण्यांची एकच फाईल तयार होते आणि ती हप्त्याच्या तारखेआधीच तयार होऊन गेलेली असते. त्यामुळे चार तारखेच्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या लावू नका’ म्हटलं, तर समोरच्याच्या हातात सहसा काही उरलेलं नसतं. पाच तारखेला रविवार आला म्हणून एक दिवस मिळेल, हा हिशेबही आता चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं.

दुसरी गोष्ट, नॅचची मागणी पूर्ण रकमेची असते. खात्यात ४,१०० असतील तर तेवढेच घेऊन बाकीचे नंतर, असं ते करत नाही. १०,२५३ मिळाले तर ठीक, नाहीतर ‘शिल्लक अपुरी’ या कारणाने मागणी परत जाते. तिथे दोन ठिकाणी पैसे लागतात. ज्या बँकेत पगाराचं खातं आहे ती बँक परतीचं शुल्क लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते. कर्ज देणारी संस्था आपलं बाउन्स शुल्क वेगळं लावते. दोन्हीकडे शुल्क ५०० रुपये आहे असं धरलं, तर आपल्या कामगाराला एका बाउन्सचे किमान १,०९० रुपये पडतात. खरा फटका यानंतर बसतो. अनेक संस्था त्याच महिन्यात, काही दिवसांनी, तीच मागणी पुन्हा पाठवतात. ती पंधरा तारखेला आली आणि पगार वीसला व्हायचा असेल, तर तेवढेच पैसे पुन्हा जातात. दोन बाउन्समध्ये २,१८० रुपये गेले. त्याच्या पूर्ण कर्जाचं एका महिन्याचं व्याज आहे २,३०९ रुपये. पंधरा दिवसांच्या उशिरासाठी जवळपास एका महिन्याचं व्याज निव्वळ शुल्कापोटी गेलं.

म्हणून अठ्ठावीस तारखेला पहिलं काम कर्जाचे कागद काढण्याचं. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या बहुतेक किरकोळ कर्जांबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असावं, असंही म्हटलं आहे. त्यात बाउन्स शुल्क किती, उशिराचा दंड किती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन व ईमेल काय, हे लिहिलेलं असतं. कर्ज त्याआधीचं असेल तर मंजुरीपत्र आणि करारनामा पाहावा. दंडाबाबत एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी अनेक ठिकाणी उशीर झाला की व्याजाचा दरच दोन-चार टक्क्यांनी वाढवत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने ते बंद झालं. नव्या कर्जांना तो नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत लागू करायचा होता. आता दंड हे वेगळं, वाजवी शुल्क असतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. थकलेल्या रकमेवर करारातलं नेहमीचं व्याज मात्र चालू राहतं.

आता दिवसांची मोजणी. बँकांमध्ये आणि बहुतेक वित्त कंपन्यांमध्ये हे काम संगणक रोज रात्री करतो. पाच जूनचा दिवस संपताना हप्ता जमा नसेल, तर त्याच रात्री खातं थकीत ठरतं आणि त्याला ‘एसएमए-०’ ही खूण लागते. हप्ता तसाच राहिला तर तीस दिवसांनी, पाच जुलैला, खूण ‘एसएमए-१’ होते आणि चार ऑगस्टला ‘एसएमए-२’. तीन सप्टेंबरला, म्हणजे नव्वद दिवस होताच, खातं ‘एनपीए’मध्ये जातं. त्यानंतर एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी चुकती करावी लागते. ही मोजणी कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. तुम्ही आधी फोन केलात, कारण खरं होतं, अधिकारी भला होता, तरी पाच तारखेच्या रात्री संगणक थकबाकीची खूण लावणारच.

मग आधी बोलून काय मिळतं? अधिकाऱ्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ओळखून मागणी केली तर बरंच मिळतं. आणि इथेच बहुतेक संभाषणं फसतात. माणूस फोनवर म्हणतो, “साहेब, या महिन्याचा हप्ता माफ करा,” किंवा “दोन महिने थांबा.” त्यामागे २०२० ची आठवण असते. करोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलता आले होते, पण त्यासाठी रिझर्व्ह बँकेने खास परवानगी दिली होती. एरवी अडचणीत सापडलेल्या कर्जदाराचे हप्ते पुढे ढकलणं किंवा मुदत वाढवून देणं याला कर्जाची पुनर्रचना म्हणतात. तशी पुनर्रचना केली की ते खातं साधारणपणे लगेच एनपीएमध्ये धरावं लागतं, आणि क्रेडिट अहवालातही तशी नोंद जाते. म्हणून शाखेतला अधिकारी ‘दोन महिने थांबा’ ऐकताच नकार देतो. तो निर्दयी नसतो. त्याच्याकडे मागितलेली गोष्ट त्याच्या टेबलावरून देता येण्यासारखी नसते, आणि कर्जदारालाही ती महागात पडणारी असते.

त्याच्या टेबलावरून देता येणाऱ्या गोष्टी लहान आहेत, पण आपल्या कामगाराला त्याच हव्यात. पाच तारखेची मागणी रोखणं, किंवा ते जमत नसेल तर बाउन्सनंतरची पुनर्मागणी एकवीस जूनच्या आधी न पाठवणं. एक बाउन्स झालाच तर त्याचं शुल्क माफ करणं. वसुलीच्या यादीतल्या नावापुढे ‘वीस तारखेला भरणार’ अशी नोंद करणं, म्हणजे सहा तारखेपासून रोजचे फोन आणि दारात माणूस येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाची चौथी गोष्ट, हप्त्याची तारीखच बदलणं.

ती सर्वांत महत्त्वाची का, ते पाहा. वीस जूनला पगार होतो आणि तो १०,२५३ रुपये भरतो. पंधरा दिवसांनी पाच जुलै येते. तोवर नवा पगार झालेला नसतो, कारण तो सातला होतो. आजवर तो मागच्या महिन्याच्या पगारातले पैसे राखून पाच तारीख साधत होता. या वेळी तो राखीव पैसा लांबलेल्या पगारापर्यंतच्या घरखर्चात गेलेला असेल. म्हणजे जूनचा हप्ता भरूनही जुलैचा पुन्हा बाउन्स होण्याची पूर्ण शक्यता. एकदा असं झालं की माणूस कायम एक हप्ता मागे राहतो. दर महिन्याला तो एक हप्ता भरतो, ते पैसे आधीच्या थकीत हप्त्यात जमा होतात आणि चालू महिन्याचा उघडाच राहतो. वर्षभर न चुकता बारा हप्ते भरूनही बारा महिने ‘थकीत’ दिसणारी खाती याच प्रकारची असतात. ती माणसं मनापासून सांगतात की आम्ही एकही हप्ता बुडवला नाही, आणि ते खरंही असतं.

पाच तारीख बदलून दहा झाली तर हे चक्र सुरूच होत नाही. खर्च फक्त पाच दिवसांच्या जादा व्याजाचा. जूनचा हप्ता भरल्यावर उरणाऱ्या सुमारे १,९०,००० रुपयांवर ते साधारण ३६५ रुपये होतं. काही संस्था तारीख बदलण्याचं छोटं शुल्क घेतात आणि काही ही सोय देतच नाहीत. पण ज्या देतात, त्या बहुतेक थकबाकी नसलेल्या खात्यालाच देतात. अठ्ठावीस मेला त्याचं खातं स्वच्छ आहे. सहा जूनला तोच अर्ज केला तर ‘आधी थकबाकी भरा’ हे उत्तर येईल. आधीच्या आठवड्याची किंमत ती हीच.

हे कोणाशी बोलायचं? कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटशी बोलून उपयोग नाही. त्याचं काम कर्जवाटपाच्या दिवशीच संपलेलं असतं. बँकेचं कर्ज असेल तर शाखेत जाऊन मॅनेजरना किंवा कर्ज विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटावं. वित्त कंपनी असेल तर ग्राहकसेवेला फोन करून विनंतीचा क्रमांक घ्यावा आणि लगेच तेच ईमेलने लिहून पाठवावं. फोनवर दिलेला शब्द पुढच्या माणसाला दिसत नाही, लिहिलेलं दिसतं. इंग्रजी येत नाही म्हणून अडून राहू नये. वित्त कंपन्यांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता सांगते. मराठीत लिहिलेला अर्ज पुरेसा आहे. त्याचा मजकूर असा असू शकेल:

“माझ्या कर्जाचा ५ जूनचा हप्ता रु. १०,२५३ आहे. आजवरचे १४ हप्ते वेळेवर भरले आहेत. कंपनीच्या सोबत जोडलेल्या सूचनेप्रमाणे माझा पगार या वेळी ७ ऐवजी २० जूनला होणार आहे. त्यामुळे ५ तारखेला खात्यात पुरेशी शिल्लक नसेल. मी पूर्ण हप्ता २१ जूनपर्यंत भरेन. विनंती अशी, की ५ तारखेची मागणी थांबवता येत असेल तर थांबवावी. येत नसल्यास २१ जूनपूर्वी पुन्हा मागणी पाठवू नये. जुलैपासून हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० करावी. यामुळे माझ्या क्रेडिट अहवालात काय नोंद जाईल, तेही कळवावे.”

यात अडचणीची लांबलचक हकीकत नाही, हे मुद्दाम केलं आहे. अर्ज वाचणाऱ्याला चारच गोष्टी हव्या असतात: पैसे कधी येणार, कशावरून, किती येणार आणि त्याने नेमकं काय करायचं. कारखान्याच्या सूचनेचा फोटो आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या जोडल्या की ‘कशावरून’चं उत्तर झालं. तारीख सांगताना एक दिवस सैल ठेवावा. पगार वीसला असेल तर एकवीस सांगावी. दिलेली तारीख एकदा चुकली की पुढच्या शब्दाला किंमत राहत नाही. शेवटचा, क्रेडिट अहवालाचा प्रश्न अवश्य विचारावा. समोरून काही मोठी सवलत देऊ केली गेली, तर ती ‘पुनर्रचना’ म्हणून नोंदली जाईल का, हे सही करण्याआधी लेखी कळायला हवं.

ते ४,१०० रुपये आधीच भरून टाकावेत का? मला तसं वाटत नाही. अर्धवट रकमेने दिवसांची मोजणी थांबत नाही. सर्वांत जुना हप्ता पूर्ण भरेपर्यंत तो थकीतच असतो. पाच तारखेची मागणीही कमी होत नाही. घरातल्या किराण्याचे आणि मुलांच्या बसचे पैसे मात्र जातात, आणि मग ती पोकळी भरायला माणूस मोबाइलवरच्या झटपट कर्जाकडे वळतो. अर्धी रक्कम भरल्यावर शुल्क माफ करू, असं संस्थेने लेखी दिलं तरच ती भरावी.

बँकेत मुदत ठेव असेल तर मात्र चित्र वेगळं. ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो आणि त्याचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्क्यांनी जास्त असतं. कमी पडणारे ६,१५३ रुपये नऊ टक्क्यांनी पंधरा दिवसांसाठी घेतले तर व्याज होतं २३ रुपये. कारखान्याकडून पगाराची उचल मिळाली तर तेवढंही नाही. असा मार्ग असेल तर पैसे चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत खात्यात पोहोचायला हवेत. पाचला दुपारी भरून अनेकदा उशीर झालेला असतो, कारण मागणी सकाळीच येऊन गेलेली असते. एक घोटाळा इथे वारंवार होतो. माणूस घाईघाईने संस्थेच्या अॅपवरून हप्ता थेट भरतो आणि खात्यातही पैसे ठेवतो. मग मॅन्डेटनेही तेवढीच रक्कम जाते. पाच तारखेच्या तोंडावर पैसे जमले असतील तर ते खात्यातच ठेवून नॅचला काढू देणं बरं.

कर्ज आणि पगार एकाच बँकेत असतील तर सावध राहावं. तिथे नॅचची गरज नसते. बँक आपल्याच यंत्रणेतून पैसे घेते आणि करारात तशी मुभा असेल तर थोडेथोडेही घेऊ शकते. वीस तारखेला पगार जमा होताच थकीत हप्ता, शुल्क आणि दंड एका झटक्यात वळते होतात आणि घरभाड्याला पैसे राहत नाहीत. अशा वेळी अर्जात ‘पगारातून फक्त हप्त्याची रक्कम घ्यावी, शुल्काबाबतची विनंती विचाराधीन आहे’ असं आधीच लिहिलेलं असेल, तर निदान बोलायला जागा राहते.

काही जण यातून सुटण्यासाठी मॅन्डेटच रद्द करतात. त्याने परतीचं शुल्क वाचेल, पण हप्ता थकणार तो थकणारच, आणि संस्थेला वाटेल की माणसाचा पैसे द्यायचा विचारच नाही. शिल्लक अपुरी असल्यामुळे परत गेलेलं मॅन्डेट कायद्याने चेक बाउन्ससारखंच आहे, हेही माहीत असावं. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण गुन्हा आपोआप होत नाही. संस्थेला बाउन्सची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर या कलमाखाली गुन्हा राहत नाही. म्हणून रजिस्टर पत्र परत पाठवू नये. ते घ्यावं, तारीख टिपून ठेवावी आणि त्या पंधरा दिवसांत पैसे भरून पोच घ्यावी.

वसुलीचे फोन आलेच, तर ते सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. धमकी देणं किंवा नातेवाइकांसमोर, शेजाऱ्यांसमोर अपमान करणं नियमाबाहेर आहे. आपल्या अर्जाचा क्रमांक त्यांना सांगावा. तरीही त्रास थांबला नाही तर आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

वीस जूनला पगार झाला की त्याच दिवशी हप्ता भरावा. तो संस्थेच्या अॅपवरून किंवा अधिकृत लिंकवरून, कर्ज खात्याचा क्रमांक तपासून भरावा. घरी आलेल्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. या वेळी थेट भरणं योग्य, कारण पुनर्मागणीची वाट पाहिली तर आणखी एक दिवस जातो. पण भरल्याचं लगेच कळवून पुनर्मागणी पाठवली जाणार नाही याची खात्री करावी. मग दोन दिवसांनी कर्ज खात्याचा उतारा मागवावा आणि पैसे कशात जमा झाले ते पाहावं. बाउन्स शुल्क वेगळं थकीत दाखवलं असेल तर ते माफ करून घ्यावं किंवा भरून मोकळं व्हावं. पाच-सहाशे रुपयांचं विसरलेलं शुल्क महिनोन् महिने खात्यावर थकबाकी म्हणून राहतं आणि पुढे नवं कर्ज घेताना अडवतं.

क्रेडिट अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना कर्जखात्यांची माहिती १ जानेवारी २०२५ पासून किमान पंधरा दिवसांनी एकदा जाते. त्यामुळे पंधरा दिवसांचा हा उशीर अहवालात दिसण्याची शक्यता आहे, आणि तो खरा असल्यामुळे पुसताही येत नाही. चुकीचा मात्र दुरुस्त करता येतो. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. ऑगस्टमध्ये तो मागवावा आणि जूनपुढे पंधरापेक्षा जास्त दिवस लिहिलेले नाहीत ना, जुलैपुढे शून्य आहे ना, हे पाहावं. आकडा चुकला असेल तर पोच आणि उतारा जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे.